मंथली चार्टवरचा सहा वर्षांचा बेस: रेघ कुठे मारायची आणि पैसे कधी घालायचे?

अजिंक्यतारा (सातारा)

मंडळी, मंथली चार्टवर वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात, म्हणजे बेसमध्ये, अडकलेला भाव वर निघतो, म्हणजे ब्रेकआउट होतो, तेव्हा दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदारानं नेमकं काय करायचं, यावर हा धागा. ट्रेडिंगचा विषय नाही. महिन्यातून एकदाच चार्ट उघडणाऱ्या माणसासाठी विचारतोय.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊ या, निफ्टी २००८ ते २०१४. जानेवारी २००८ मध्ये वरचं टोक ६,३५७. ऑक्टोबर २००८ मध्ये तळ २,२५३ च्या आसपास. नोव्हेंबर २०१० मध्ये परत ६,३३८ पर्यंत जाऊन माघार. डिसेंबर २०११ ला ४,५३१. डिसेंबर २०१३ मध्ये विधानसभा निकालांनंतर ६,४१५, म्हणजे जुन्या टोकाच्या वर, आणि लगेच फेब्रुवारीत ५,९३३. मग मार्च २०१४ पासून जे निघालं ते निघालं.

प्रश्न तीन. वरची रेघ शेंडीला, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात वरच्या भावाला, मारायची की महिन्याच्या बंद भावाला? ब्रेकआउट कुठल्या महिन्यात झाला म्हणायचं? आणि हातात ३ लाख असतील तर ते एकदम घालायचे की तुकड्यांनी?

कराडकर_बापू

सोपं हाय दादा. बंद भावाला रेघ. शेंडी म्हंजे गर्दीतला आरडाओरडा, महिन्याचा बंद म्हंजे खरा सौदा. निफ्टीचा सगळ्यात वरचा मंथली बंद डिसेंबर २००७ चा, ६,१३८. डिसेंबर २०१० चा ६,१३४, म्हंजे जवळजवळ तिथंच. ऑक्टोबर २०१३ ला बंद आला ६,२९९. झाला ब्रेकआउट. मार्चपर्यंत थांबायची गरजच न्हवती, चारशे अंक सोडले की तुम्ही!

आणि दुसरं, जेवढा बेस लांब तेवढी उडी लांब. सहा वर्षं बसलंय, बारा वर्षं पळणार. ३ लाख एकदम घालायचे.

माई_विश्रामबाग (सांगली)

बापू, रेघेबद्दल तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धंच सांगितलंत. ऑक्टोबरनंतरचे महिनेही वाचा की. नोव्हेंबर २०१३ चा बंद ६,१७६, डिसेंबरचा ६,३०४, आणि जानेवारी २०१४ चा ६,०८९. म्हणजे तुमच्या रेघेच्या खाली. आता बंद भावाची रेघ धरणारा माणूस साहजिकच बंद भावाचाच स्टॉप धरतो. तो जानेवारीअखेर बाहेर पडला असता आणि फेब्रुवारीअखेर ६,२७७ ला परत आत आला असता. तोटा फार नाही, पण आत-बाहेर करताना पुष्कळांचं धैर्य सुटतं आणि मार्च आला तेव्हा ती माणसं बाहेरच उभी होती.

म्हणून मी दोन्ही रेघा मारते. बंद भावाची रेघ म्हणजे नजर ठेवायची सुरुवात, शेंडीची रेघ म्हणजे पैसे घालायची परवानगी. शेंडीच्या रेघेवरही नुसतं डोकं बाहेर काढून चालत नाही. महिन्याचा बंद तिच्या किमान ३ टक्के वर हवा. ६,३५७ च्या ३ टक्के वर म्हणजे साधारण ६,५४८. डिसेंबर २०१३ मध्ये महिन्याच्या मध्यावर ६,४१५ दिसलं तेव्हा चोहीकडे 'नवा उच्चांक' म्हणून गाजावाजा झाला, पण महिना ६,३०४ ला संपला. तिथे काहीच करायचं नव्हतं. मार्च २०१४ चा बंद ६,७०४. तो पहिला खरा महिना.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मंथली कॅण्डल महिन्याच्या शेवटच्या ट्रेडिंगच्या दिवशी साडेतीनला पूर्ण होते, त्याआधी ती कच्ची. पुरात आयर्विन पुलाची पातळी लोक तासातासाला बघतात, कारण ४० फुटांवर इशारा आणि ४५ ला धोका. इथे तसं करायचं नाही. २० तारखेला दिसणाऱ्या मंथली कॅण्डलला काही अर्थ नसतो.

अजिंक्यतारा

ताई, ३ टक्के कुठून आले? २ का नाही, ५ का नाही?

माई_विश्रामबाग

त्यामागे कुठलं शास्त्र नाही, हे आधीच कबूल करते. निर्देशांकात ३ पुरतात, कारण तो हळू हलतो. एखाद्या मिडकॅप शेअरमध्ये महिन्याचा चढउतारच १५ टक्के असेल तर ३ टक्क्यांना काही किंमत नाही. तिथे मी मागच्या १२ महिन्यांत महिन्याच्या उच्चांक आणि नीचांकात सरासरी किती अंतर पडलं ते काढते आणि त्याचा एक चतुर्थांश रेघेच्या वर मागते. अंतर १६ टक्के असेल तर रेघेच्या ४ टक्के वर बंद.

हळदवाला_हरिपूर

हे सगळं हळदीला लागू होतं का? हळदीनं पण असाच बेस केला होता. २०१० च्या तेजीतला भाव परत बघायला २०२३ उजाडलं. आमच्याकडं शीतगृहात माल पडून आहे. मंथली ब्रेकआउटच्या हिशोबानं धरून ठेवावा का?

कराडकर_बापू

धरा की! तेरा वर्षांचा बेस म्हंजे काय चेष्टा हाय व्हय.

माई_विश्रामबाग

थांबा हो. हळदीचा वायदा आणि गुंतवणुकीचा शेअर यांच्यात फरक आहे. तुम्ही जो सलग चार्ट बघता तो वेगवेगळ्या महिन्यांचे वायदे एकाला एक जोडून केलेला असतो. प्रत्येक जोडावर भावाची पायरी पडते, आणि ती पायरी चार्टवर तेजी किंवा मंदी होऊन बसते. दहा वर्षं जुन्या टोकाला मारलेली रेघ अशा चार्टवर भरवशाची नसते.

दुसरं म्हणजे शेअर धरून ठेवला तर कंपनी आत काहीतरी कमावत असते. हळदीचं पोतं धरून ठेवलं तर ते काही कमवत नाही, उलट भाडं, घट, कीड आणि पैशावरचं व्याज तुमच्याच खिशातून जातं. हरिपूरच्या पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची हे खरं, पण टिकणं आणि वाढणं वेगळं. शिवाय भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि तोच भाव पाडते. शेअरच्या बेसमध्ये असा उलटा दट्ट्या सहसा नसतो. तुमचा प्रश्न मोठा आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा.

हळदवाला_हरिपूर

बरं बरं. वाचत बसतो. 🙂

अजिंक्यतारा

'कंपनी आत कमावत असते' हा मुद्दा जरा उलगडून सांगाल का? माझ्या मते बेसचा सगळा अर्थ तिथेच आहे.

माई_विश्रामबाग

हो, आणि चार्ट बघणारे नेमकं तेच सोडून देतात.

जानेवारी २००८ ला निफ्टीचा पीई सुमारे २८ होता. म्हणजे ६,३५७ च्या भावामागे कमाई साधारण २२५ रुपये. मार्च २०१४ अखेर भाव ६,७०४ आणि पीई सुमारे १९, म्हणजे कमाई साडेतीनशेच्या आसपास. सहा वर्षांत भाव जवळपास तिथेच राहिला आणि कमाई दीडपटीहून जास्त झाली. या काळात महागडा भाव स्वस्त झाला, तोही भाव न पडता, नुसता वेळ घालवून. ब्रेकआउटच्या दिवशी तुम्ही २००८ चाच भाव देत होता, पण माल २०१४ चा घेत होता.

आता उलटं बघा. एखादा शेअर आठ वर्षं पट्ट्यात आहे, वर निघाला, पण कमाई आठ वर्षांपूर्वी होती तेवढीच. तिथे नुसता पीई फुगलाय. चार्ट दोन्हीकडे सारखाच सुंदर दिसतो. म्हणून रेघ मारली की त्याच कागदावर दोन आकडे लिहायचे: जुन्या टोकाच्या वर्षी प्रतिशेअर कमाई किती होती आणि गेल्या चार तिमाहींची मिळून किती. दुसरा आकडा पहिल्याच्या दीडपट तरी नसेल तर मी कागद बाजूला ठेवते.

निफ्टीचा पीई बघताना एक सावधगिरी. एनएसईनं एप्रिल २०२१ पासून पीई एकत्रित कमाईवर काढायला सुरुवात केली. त्याआधी तो स्वतंत्र कंपनीच्या कमाईवर असायचा. त्यामुळे २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

मिरजेचे_एफडीकाका

हे सगळं मान्य. पण ३ लाखांचं काय झालं ते सांगा. आकडेच बोलतात.

माई_विश्रामबाग

सांगते. नियम आधी लिहून ठेवलेला असा:

पहिला १ लाख, ब्रेकआउटचा महिना बंद झाल्यावर. दुसरा १ लाख तीन महिन्यांनी, पण त्या महिन्याचा बंद पहिल्या खरेदीच्या वर असेल तरच. तिसरा आणखी तीन महिन्यांनी, तीच अट. सलग दोन महिन्यांचे बंद रेघेच्या खाली आले तर सगळं विकून बाहेर.

मार्च २०१४ अखेर पहिला लाख ६,७०४ च्या पातळीला. प्रत्यक्षात ऑर्डर १ एप्रिलला जाते, फरक किरकोळ. जूनअखेर निफ्टी ७,६११, अट पूर्ण, दुसरा लाख. सप्टेंबरअखेर ७,९६५, तिसरा. सरासरी पडली ७,३८७ च्या आसपास. साधी सरासरी काढली तर ७,४२७ येते, पण आपण दर वेळी सारखे पैसे घातले, सारखी युनिट्स नव्हे, म्हणून खरी सरासरी थोडी कमी.

मार्च २०१५ ला निफ्टी ९,११९ पर्यंत गेला. सगळे खूष. फेब्रुवारी २०१६ ला ६,८२६ पर्यंत खाली आला, महिन्याचा बंद ६,९८७. म्हणजे ब्रेकआउटला जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर ३ लाखांचे २ लाख ८४ हजार झालेले. नियमाप्रमाणे विकायचं नव्हतं, कारण रेघ ६,३५७ ला होती आणि भाव तिच्या वर होता. २०१७ संपताना १०,५३१, म्हणजे सव्वाचार लाखांच्या थोडं वर, लाभांश सोडून.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या पडझडीत निफ्टी ७,५११ पर्यंत आला होता. तोसुद्धा या सरासरीच्या वर.

कराडकर_बापू

मग एकदम घातले असते ६,७०४ ला, तर फेब्रुवारी १६ ला पण नफ्यातच असते की. तुकडे करून काय मिळवलं? सरासरी वर चढली नुसती.

माई_विश्रामबाग

या एका उदाहरणात तुमचं बरोबर आहे. तुकडे करणं हा विम्याचा हप्ता आहे, आणि निफ्टीच्या वेळी तो फुकट गेला. तो कुठे वसूल होतो ते बघायला सेन्सेक्सचा जुना बेस काढा.

सप्टेंबर १९९४ ला सेन्सेक्सचं टोक साधारण ४,६४३. पाच वर्षं त्याखाली. ऑगस्ट १९९९ चा बंद सुमारे ४,८९८, म्हणजे ३ टक्क्यांची अट पूर्ण. पहिला लाख आत. ऑक्टोबरचा बंद ४,४४५, नोव्हेंबरचा ४,६२२, दोन्ही रेघेच्या खाली, बाहेर. एका लाखावर साडेपाच टक्के तोटा, दुसरा लाख गेलाच नव्हता.

डिसेंबर १९९९ ला परत ५,००६ ला बंद. पुन्हा पहिला लाख. फेब्रुवारी २००० मध्ये सेन्सेक्स ६,१५० पर्यंत, आयटीची धुंदी. मार्चअखेर ५,००१. दुसऱ्या लाखाची अट पूर्ण होत नाही. जुलै आणि ऑगस्टचे बंद रेघेखाली, ४,४७७ ला बाहेर. एका लाखावर साडेदहा टक्के तोटा.

दोन्ही वेळचा तोटा मिळून साधारण १६ हजार, ३ लाखांवर सव्वापाच ते साडेपाच टक्के. ज्यानं डिसेंबरला ३ लाख एकदम घातले आणि 'लाँग टर्म आहे' म्हणून बसला, त्यानं सप्टेंबर २००१ ला २,६०० च्या आसपासचा सेन्सेक्स बघितला. जवळजवळ अर्धे पैसे.

तो ब्रेकआउट का फसला? चढलेला होता निर्देशांक, पण ओढत होते मूठभर आयटी शेअर. बाकी बाजार बेसमध्येच झोपलेला.

मिरजेचे_एफडीकाका

५,००६ ला खरेदी आणि ५,००१ ला अट हुकली! पाच अंकांनी वाचलात ताई. हा नियम म्हणायचा की सांगलीच्या गणपतीची कृपा?

माई_विश्रामबाग

पाच अंकांपुरती कृपाच. मार्चचा बंद ५,०१० असता तर दुसरा लाखही गेला असता आणि तोटा दुप्पट झाला असता. एका महिन्याच्या बंदावर टांगलेल्या नियमाचं हे दुखणं आहेच, ते झाकत नाही. पण तिसरा लाख जूनमध्ये ४,७४९ ला नक्कीच अडला असता.

अजिंक्यतारा

अजून एक विचारतो. सगळीकडे 'रिटेस्टची वाट बघा' असं सांगतात. रेघेपर्यंत भाव परत आला की घ्या. तुमच्या नियमात ते नाही.

माई_विश्रामबाग

मुद्दाम नाही. निफ्टी ६,३५७ च्या रेघेपर्यंत आजवर परत आलेला नाही. सगळ्यात जवळ आला तो मे २०१४ च्या सुरुवातीला ६,६४० च्या आसपास, रेघेच्या साधारण साडेचार टक्के वर. रिटेस्टवर उरलेले २ लाख घालू म्हणणाऱ्याचे २ लाख अजून बँकेतच आहेत. शेअरमध्ये रिटेस्ट बऱ्याचदा मिळतो, निर्देशांकात तो धरून चालू नये. मिळाला तर उत्तम, पण योजना त्यावर बांधायची नाही.

मिरजेचे_एफडीकाका

आता माझी पाळी. ताई, ते बँकेत राहिलेले २ लाख. २०१४ ला एफडीचे दर आठ-नऊ टक्के होते. साडेआठनं धरा. मार्च २०१४ ते डिसेंबर २०१७ म्हणजे पावणेचार वर्षं, २ लाखांचे झाले २ लाख ७१ हजार. निफ्टीतल्या एका लाखाचे १ लाख ५७ हजार. एकूण ४ लाख २८ हजार. तुमच्या नियमवाल्याचे पण ४ लाख २८ हजारच! मग तीन तुकडे, दोन वर्षं तोटा, छातीत धडधड, हे कशाला?

कराडकर_बापू

काका लई भारी. 😂

माई_विश्रामबाग

काका, हिशोब बरोबर आहे, मी पुन्हा करून पाहिला. तीन गोष्टी मात्र त्यात धरल्या नाहीत. एफडीच्या व्याजावर दरवर्षी स्लॅबप्रमाणे कर बसतो. निफ्टीवर वर्षाला सव्वा टक्क्याच्या आसपास लाभांश मिळतो. आणि तुम्ही घड्याळ २०१७ ला थांबवलंत. सप्टेंबर २०२१ अखेर निफ्टी १७,६१८ होता.

मिरजेचे_एफडीकाका

घड्याळ तुम्ही पण २०२१ ला थांबवलंत. मार्च २०२० ला थांबवून बघा. आणि २००८ ते १४ मध्ये एसआयपी चालू ठेवणाऱ्याची जवळजवळ सगळी खरेदी ६,३५७ च्या खालीच झाली, त्याला ब्रेकआउट कळायचीही गरज नव्हती. त्याचं काय?

माई_विश्रामबाग

निर्देशांकाच्या बाबतीत एसआयपीवाला जिंकतो, यावर मी वाद घालणार नाही. निफ्टी कधीतरी वर निघणारच हे गृहीत धरता येतं. एकट्या शेअरबाबत ते धरता येत नाही. बेसमध्येच आयुष्य काढणारे आणि शेवटी बेसच्या तळातून खाली जाणारे शेअर पुष्कळ असतात, आणि ते आपल्याला उदाहरणात कधी दिसत नाहीत, कारण उदाहरणं देणारा नेहमी वर निघालेलेच दाखवतो. मीसुद्धा तेच करते आहे, हे लक्षात ठेवा. शेअरमध्ये ब्रेकआउटची वाट बघण्याचा उपयोग इतकाच, की मेलेल्या शेअरमध्ये दहा वर्षं एसआयपी होत नाही.

वाईकर_मेणवली

उशिरा आलो. माझी केस सांगतो. एक छोटी कंपनी आहे, नाव घेत नाही. नऊ वर्षांचा बेस, गेल्या महिन्यात वर निघाली. माझ्या एकूण पैशातले ४० टक्के त्यात आहेत, सगळे ब्रेकआउटच्या आठवड्यात घातलेले. आता भाव रेघेच्या ६ टक्के खाली आहे. धरू की विकू?

माई_विश्रामबाग

तुमचा प्रश्न धरू की विकू हा नाही, तो ४० टक्के हा आहे. बेस कितीही देखणा असू दे, एका छोट्या कंपनीत मी ५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि पहिला तुकडा त्याचाही तिसरा हिस्सा.

दोन गोष्टी तपासा. पहिली, रोजची उलाढाल किती रुपयांची होते. तुमचा सगळा हिस्सा दिवसाच्या उलाढालीच्या दहाव्या भागापेक्षा मोठा असेल तर बाहेर पडताना तुम्हीच भाव पाडाल. लोअर सर्किट लागलं तर बंद भावाचा नियम कागदावरच राहतो, गिऱ्हाईकच नसतं. दुसरी, तो 'नऊ वर्षांचा बेस' खरा आहे का. बोनस, स्प्लिट, राइट्स, डिमर्जर झालंय का बघा. आठवड्यात घेतलंत म्हणता, म्हणजे महिना बंद व्हायच्या आधी घेतलंत. तो महिना शेवटी कुठे बंद झाला?

वाईकर_मेणवली

रेघेच्या थोडा खालीच. बरोबर २ टक्के खाली.

माई_विश्रामबाग

मग ब्रेकआउट झालेलाच नाही. तुम्ही बेसच्या टोकाला घेतलंत. महिना चालू असताना रेघेच्या वर लांब शेंडी आणि बंद खाली, हे तर विकणारे वर बसलेत याचं चिन्ह. मी सगळं विका म्हणणार नाही, तुमचा कर आणि तुमची गरज मला माहीत नाही. पण हिस्सा झोप लागेल इतका आधी कमी करा. उरलेल्याचा निर्णय पुढच्या महिन्याच्या बंदावर.

अजिंक्यतारा

बोनस-स्प्लिटबद्दल जरा सांगा. जुन्या नोंदी आणि चार्ट जुळत नाहीत असं बऱ्याचदा होतं.

माई_विश्रामबाग

रिलायन्स घ्या. जानेवारी २००८ ला भाव ३,२०० च्या वर गेला होता, त्या वेळच्या पेपरात तोच आकडा. २००९ ला एकास एक बोनस, २०१७ ला परत एकास एक, २०२४ ला परत. म्हणजे तो आकडा तीनदा निम्मा. शिवाय जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली. चार्ट कंपनीनं ते धरलंय की नाही यावर जुनं टोक चारशेच्या आसपास दिसेल किंवा त्याहून खाली. त्या टोकाच्या वर रिलायन्स २०१७ मध्ये निघाला, नऊ वर्षांनी, पण आज दोन वेगळ्या चार्टवर ती रेघ दोन वेगळ्या भावांना दिसते.

म्हणून वहीत भाव लिहू नका, महिना लिहा. 'रेघ: जानेवारी २००८ ची शेंडी.' पुढे कधीही चार्ट उघडला की त्या महिन्याची शेंडी शोधायची आणि तिथून आडवी रेघ. भाव कितीही बदलू दे, महिना बदलत नाही.

ट्रेडिंगव्ह्यूवर खाली उजवीकडे `ADJ` आहे. ते चालू केलं की लाभांशही वजा होतो आणि जुनी टोकं खाली सरकतात. भरपूर लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये, आयटीसीसारख्या, त्यामुळे ब्रेकआउट काही महिने आधी झाल्यासारखा दिसतो. रेघ मारताना मी ते बंद ठेवते, कारण आयटीसीत २०१७ ला वर अडकलेल्या माणसाला आपला खरेदीचा भाव आठवतो, लाभांश वजा केलेला भाव नाही. रेघेवर विकायला तोच उभा असतो. लॉग स्केल मात्र चालू ठेवा, नाहीतर जुना बेस तळाला चपटा होऊन दिसतच नाही.

कराडकर_बापू

माझा दुसरा मुद्दा कुणी धरलाच न्हाई. लांब बेस, लांब उडी. बेसची उंची रेघेत मिळवायची, टार्गेट तयार.

माई_विश्रामबाग

धरते. उंची कुठून मोजायची? २,२५३ पासून मोजली तर ४,१०४ अंक, टार्गेट १०,४६१. ते २०१७ च्या शेवटाकडे आलं. डिसेंबर २०११ च्या ४,५३१ पासून मोजली तर ८,१८३. ते २०१४ च्या ऑक्टोबरअखेरच आलं, आणि तिथे विकलं असतं तर पुढचं सगळं हुकलं. टक्क्यांत मोजली, म्हणजे तळापासून टोक २.८ पट म्हणून टोकाच्या २.८ पट, तर १७,९०० च्या आसपास. ते २०२१ ला आलं. तिन्ही टार्गेटं आली बापू, पण सात वर्षांच्या अंतरानं. यातलं कुठलं आधी माहीत असतं?

कराडकर_बापू

तिन्ही आली म्हंजे मी बरोबरच की!

माई_विश्रामबाग

तसं म्हणा हवं तर. मी टार्गेट लिहीत नाही, फक्त बाहेर पडायची रेघ लिहिते.

अजिंक्यतारा

पण ताई, बाहेर पडायची रेघ कायम ६,३५७ लाच ठेवायची? निफ्टी १८,००० ला असताना ६,३५७ चा स्टॉप म्हणजे स्टॉप नसल्यासारखंच.

माई_विश्रामबाग

खरंय. भाव रेघेच्या दीडपट झाला की मी जुनी रेघ सोडते आणि २० महिन्यांच्या सरासरीवर येते, तिथेही सलग दोन महिन्यांचे बंद. पण मार्च २०२० सारख्या पडझडीत हा नियम तळाजवळ विकायला लावतो, आणि काही महिन्यांत भाव परत वर असतो. रेघ ठेवली तर सगळा नफा परत जायची भीती, सरासरी ठेवली तर तळाला विकायची. यावर समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मिरजेचे_एफडीकाका

अर्धं विका सरासरीला, अर्धं ठेवा रेघेला. दोन्हीकडून अर्धं अर्धं चुकेल.

हळदवाला_हरिपूर

काका, हळदीत आम्ही तेच करतो.

वाईकर_मेणवली

४० चे २५ केले. बाकीचं महिनाअखेर बघतो. रोजची उलाढाल बघितली, माझा हिस्सा दिवसाच्या उलाढालीच्या तिसऱ्या भागाएवढा निघाला, म्हणून चार दिवसांत थोडंथोडं विकावं लागलं.

माई_विश्रामबाग

आता त्या कंपनीची नऊ वर्षांपूर्वीची आणि आताची प्रतिशेअर कमाई इथे टाका. मग बोलू.